सातबाऱ्यावर फक्त माझं आणि आईचं नाव लावलं तर?

पत्र: वडिलांना जाऊन दीड वर्ष झालं. गावाकडे त्यांनी विकत घेतलेली सव्वा एकर जमीन आहे, शिवाय एक गट चुलत्यांबरोबर सामाईक आहे. शहरात, महानगरपालिकेच्या हद्दीत आमचं राहतं घर आहे, तेही वडिलांच्या नावावर. मृत्युपत्र नाही. घरात आई, मी आणि आजी (वडिलांची आई). दोन बहिणी सासरी सुखात आहेत आणि ‘आम्हाला काही नको’ असं त्या स्वतःच म्हणतात. धाकटा भाऊ वडिलांच्या आधीच गेला. वहिनी आठ वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी राहते. चुलते म्हणतात, ‘तुझं आणि आईचं नाव लावून घे, बहिणींची नावं एकदा चढली की जमीन अडकली म्हणून समज.’ घरपट्टी माझ्या नावावर झाली की घराचा प्रश्न मिटला, असंही ते म्हणतात. पण उशीर झाल्यामुळे आता नोंद होईल का, आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी तुमच्या मनातली धाकधूक काढून टाकतो. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने आलेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. ती मुदत तुमची टळली आहे, पण त्यामुळे हक्क बुडत नाही आणि नोंदही नाकारली जात नाही. वडील ज्या क्षणी गेले त्याच क्षणी त्यांची मालमत्ता वारसांची झाली. सातबाऱ्यावर नाव चढतं ते झालेल्या गोष्टीची दप्तरात नोंद म्हणून. त्या नोंदीने कुणी मालक होत नाही, आणि ती नसल्यामुळे कुणाची मालकी जातही नाही. चुलत्यांचा सल्ला चुकतो तो नेमका इथेच. वारस नोंद म्हणजेच वाटणी, असं ते धरून चालले आहेत.

वारस नोंदीच्या अर्जात तुम्हाला एकच प्रश्न विचारलेला असतो: मयताचे वारस कोण? जमीन कुणाला हवी आहे, कोण कसतं, आईवडिलांना कुणी सांभाळलं, हे तिथे कुणी विचारत नाही. त्यामुळे ‘बहिणींना काही नको’ हे या प्रश्नाचं उत्तर होत नाही. त्या वारस आहेतच. त्यांना हिस्सा सोडायचा असेल तर तो नंतरचा आणि वेगळा दस्त आहे. त्याकडे पुढे येतो.

आता तुमच्या घरातले वारस मोजू. वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन आणि घर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे वर्ग एकच्या वारसांकडे जातं. (पत्रावरून तुम्हाला हाच कायदा लागू आहे असं धरतो. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांत वारसांची गणती वेगळी होते.) तुमच्या बाबतीत आई एक, आजी दोन, तुम्ही तीन, दोघी बहिणी चार आणि पाच, आणि आधी गेलेल्या भावाची शाखा सहा. सहा समान हिस्से. भावाच्या शाखेचा सहावा हिस्सा वहिनी आणि पुतण्या यांच्यात निम्मा निम्मा, म्हणजे प्रत्येकी एक बारांश. वहिनी माहेरी राहते याने त्यात काहीच बदलत नाही.

सामाईक गट वडिलोपार्जित असेल तर हिशेब बदलतो, कारण तिथे मुलग्यांप्रमाणे मुलींनाही जन्मतः हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो आला आणि वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण नोंदीपुरतं पाहिलं तर त्या गटातही नावं हीच लावायची. कुणाचा हिस्सा किती, हे वारस नोंदीच्या वेळी सोडवत बसू नका.

तुम्ही बहिणींबद्दल विचारलंत, पण तुमचं पत्र वाचताना मी थांबलो तो आजीपाशी. ‘वडिलांची आई’ हे तुम्ही कंसात, जाता जाता लिहिलं आहे. मुलाच्या मालमत्तेत आई वर्ग एकची वारस असते, हे बहुतेक घरांत ठाऊकच नसतं. नवऱ्यामागे बायको आणि मुलं एवढंच लोक मोजतात. आजीचा सहावा हिस्सा आज खरा आहे. उद्या आजी मृत्युपत्र न करता गेल्या तर तो हिस्सा त्यांच्या वारसांकडे जाईल. त्यात तुमच्या वडिलांची मुलं म्हणून तुम्ही भावंडं आहात, पण तुमचे चुलते आणि आत्या असतील तर त्याही आहेत. म्हणजे ज्या घरात तुम्ही राहता, त्याच्या एका छोट्या तुकड्यावर चुलत्यांचा हक्क येईल. त्यांच्या मनात असं काही आहे असं मी म्हणत नाही, बहुधा त्यांनाही हे माहीत नसेल. पण आजी हयात आहेत आणि त्यांना सही किंवा अंगठा समजून-उमजून करता येतो, तोवर त्यांच्याशी बोलायला हवं. आपला हिस्सा कुणाला द्यायचा हे त्यांनीच ठरवायचं. हक्कसोडपत्र करतील, मृत्युपत्र करतील किंवा काहीच करणार नाहीत. त्यांचं नाव मात्र वगळायचं नाही.

नाव वगळलं तर काय होतं, हे मी माझ्याच घरात पाहिलं आहे. आजोबा गेले तेव्हा काकांनी ‘ती तिकडे तालेवार घरात’ म्हणून आत्याचं नाव घेतलं नाही. सव्वीस वर्षं कुणाला आठवण झाली नाही. मग रस्त्यासाठी जमीन गेली, मोबदल्याची नोटीस आली आणि आत्याच्या मुलांनी हरकत घेतली. त्यांचं बरोबरच होतं. पैसे कार्यालयात अडकून पडले, आणि दिवाळीला एकमेकांकडे जाणं बंद झालं ते अजून सुरू झालेलं नाही. सातबाऱ्यावरची नोंद खरी असल्याचं कायदा गृहीत धरतो, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. आणि मुलगी आहे हे सिद्ध करायला तिचा शाळेचा दाखला पुरतो.

‘जमीन अडकते’ हा मुद्दाही उलटा आहे. उद्या विकायची वेळ आली तर घेणाऱ्याचा वकील पहिल्यांदा फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद मागेल आणि मग वंशावळ. बहिणींची नावं सातबाऱ्यावर असोत वा नसोत, त्यांच्या सह्या तो मागणारच. नावं नसतील तर वर हेही विचारेल की प्रतिज्ञापत्रात तुम्ही ‘याव्यतिरिक्त कोणीही वारस नाही’ असं कसं लिहिलंत. ते वाक्य तुमच्या सहीचं असेल, चुलत्यांच्या नाही. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे.

आता सुरुवात. तलाठ्याकडे जाण्याआधी घरात बसून दोन कामं करा. पहिलं, साध्या कागदावर वंशावळ काढा. आजोबांपासून सुरू करा, मयत व्यक्तींपुढे मृत्यूची तारीख लिहा, बहिणींचं माहेरचं आणि सासरचं दोन्ही नाव लिहा, पुतण्याचं वय लिहा. भावाच्या मृत्यूचा दाखलाही लागेल, नुसता वडिलांचा पुरणार नाही. तो वडिलांच्या आधी गेला हे तारखेवरूनच ठरणार आहे. दुसरं काम म्हणजे वडिलांच्या नावावर नेमकं काय काय आहे ते शोधणं. bhulekh.mahabhumi.gov.in वर गावाचं नाव टाकून आठ-अ, म्हणजे एका खात्यावरचे सगळे गट दाखवणारा उतारा पाहा. इथे हमखास चूक होते. एकाच माणसाची दोन खाती असू शकतात, एक वैयक्तिक आणि एक सामाईक. लोक वैयक्तिक खात्याचा आठ-अ काढतात, त्यातले गट अर्जात लिहितात आणि चुलत्यांबरोबरचा गट राहून जातो. दहा वर्षांनी कळतं की एका गटावर वडील अजून ‘हयात’ आहेत. सामाईक खातं चुलत्यांच्या नावाने शोधूनही पाहा.

मग अर्ज. तो तलाठ्याकडे देता येतो (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच) किंवा ई-हक्क प्रणालीवर, म्हणजे pdeigr.maharashtra.gov.in वर घरबसल्या करता येतो. तिथे ‘वारस नोंद’ हा प्रकार निवडायचा. त्याच यादीत ‘मयताचे नाव कमी करणे’ असाही प्रकार दिसेल, तो तुमच्या कामाचा नाही. ज्याचे वारस आधीच सातबाऱ्यावर आहेत आणि फक्त मयताचं नाव काढायचं राहिलं आहे, अशांसाठी तो असतो. अर्जासोबत मृत्यूचे दाखले, सर्व वारसांची नावं, वय, नातं आणि पत्ता असलेलं प्रतिज्ञापत्र, सर्व गटांचे सातबारे आणि आठ-अ, आणि वारसांची ओळखपत्रं. जमीन दोन गावांत असेल तर दोन्ही गावांसाठी वेगळा अर्ज लागतो. एका तलाठ्याने केलेली नोंद दुसऱ्या सजात आपोआप जात नाही.

काही ठिकाणी ‘कोर्टाचं वारस प्रमाणपत्र आणा’ असं तोंडी सांगून परत पाठवतात. वारसांबद्दल वाद नसेल तर साध्या वारस नोंदीला ते लागत नाही. शांतपणे म्हणा, ‘लेखी द्या.’ वाद असेल, कुणी वारस असल्याचा दावा करत असेल किंवा नातं कागदावर सिद्धच होत नसेल, तेव्हा दिवाणी न्यायालयाची वाट. तिथेही नीट विचारून घ्या, कारण ‘उत्तराधिकार प्रमाणपत्र’ हे बँकेतल्या ठेवी, शेअर अशा येणे रकमांसाठी असतं, जमिनीसाठी नाही. बँकेच्या कामासाठी काढलेला तो कागद तलाठ्यापुढे ठेवून वर्षभर हेलपाटे मारणारे लोक मी पाहिले आहेत.

अर्ज गेल्यावर तलाठी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये नोंद घेतो आणि गावात चौकशी करतो. वारस ठरले की फेरफार नोंदवहीत फेरफार धरला जातो आणि हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि मगच सातबाऱ्यावर नावं उमटतात. फेरफार नंबर पडला म्हणजे काम झालं असं समजून लोक निवांत होतात, तिथे थांबू नका. ‘आपली चावडी’ या ऑनलाइन सोयीत गावाचे प्रलंबित फेरफार आणि हरकतीची मुदत दिसते, अधूनमधून डोकावत राहा. हरकत आलीच तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं, सुनावणी होते आणि निर्णय होतो. तो मान्य नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील.

सातबारा हाती आला की अक्षर न् अक्षर वाचा. बहिणीचं नाव सासरचं लागलं की माहेरचं, आधार कार्डाशी जुळतं का, पुतण्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता म्हणून वहिनीचं नाव आहे का. एक गोष्ट विशेष पाहा. जुन्या पद्धतीत घरातल्या एकाचंच नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लावायचे आणि बाकीची भावंडं अदृश्य व्हायची. तुमच्या सामाईक गटावर आजोबांच्या काळापासून तसा शेरा असेल तर वडिलांचं नाव तिथे नसेलही आणि हक्क असेल. तेव्हा त्या गटाचे जुने फेरफार काढून पाहावे लागतील. लिहिण्यातल्या चुका कलम १५५ खाली तहसीलदार दुरुस्त करतात. वारस राहून गेला ही मात्र लेखनातली चूक धरत नाहीत, त्यासाठी अपिलात जावं लागतं. म्हणून पहिल्याच अर्जात यादी पूर्ण हवी.

आता बहिणींच्या ‘आम्हाला काही नको’कडे येऊ. स्टॅम्प पेपरवर संमतीपत्र लिहून नोटरीचा शिक्का मारून घेतात, त्याला स्थावर मालमत्तेच्या बाबतीत हक्कसोड म्हणून किंमत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. क्रम असा ठेवा: आधी सर्वांची नावं वारस म्हणून लागू द्या, मग ज्यांना सोडायचा आहे त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं, आणि त्या दस्तावरून दुसरा फेरफार होईल. वडिलोपार्जित मालमत्तेत भाऊ-बहीण, आई-मुलं अशा जवळच्या नात्यांत विनामोबदला हक्कसोडीला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, २०२४ पासून ५०० रुपये. वडिलांनी स्वतः घेतलेली सव्वा एकर आणि घर त्या सवलतीत बसतं का, हे मसुदा दाखवून दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या. दस्तात कुणाच्या लाभात सोडलं ते स्पष्ट लिहा. तुमच्या एकट्याच्या, की तुम्ही आणि आई दोघांच्या? बहिणींच्या मनात बहुधा आई असते आणि मसुद्यात भाऊ येतो.

आणि हक्क सोडा असं त्यांना तुम्ही सांगू नका, त्यांना स्वतः ठरवू द्या. सहावा हिस्सा म्हणजे आजच्या भावाने किती होतात ते सांगून मग विचारा. आकडा ऐकूनही त्या ‘नको’ म्हणाल्या तर ते खरं नको. एखादी म्हणेल, जमीन नको पण घरात हिस्सा राहू दे. तेही मान्य करता येतं, सगळं किंवा काहीच नाही असं नसतं.

पुतण्याच्या बाबतीत मात्र हा मार्ग बंद आहे. वहिनी स्वतःचा बारांश सोडू शकते, पण अज्ञान मुलाचा हिस्सा त्याची आईसुद्धा जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडू किंवा विकू शकत नाही. तसा दस्त केलाच, तर मुलगा सज्ञान झाल्यावर तो रद्द करून मागू शकतो. म्हणजे पुढची दहा वर्षं तरी त्याचं नाव राहणारच आहे, हे धरूनच बाकीचे बेत करा.

शहरातल्या घराचं दप्तर निराळं आहे आणि तिथे एक नाही, दोन कार्यालयं आहेत. घराच्या जागेला सिटी सर्व्हे नंबर असेल तर मालकीची नोंद मालमत्ता पत्रकावर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर असते आणि ते नगर भूमापन कार्यालयाकडे. तिथे पुन्हा वारस नोंदीचा स्वतंत्र अर्ज, पुन्हा नोटीस, पुन्हा पंधरा दिवस. गावच्या सातबाऱ्यावर नावं लागली म्हणून इथे लागत नाहीत. सिटी सर्व्हे झालेला नसेल आणि बिनशेती प्लॉटचा सातबारा असेल, तर पुन्हा तिथल्या तलाठ्याकडे.

घरपट्टीचं काम तिसरं आणि सगळ्यात सोपं. म्हणून लोक ते पहिलं करतात आणि समजतात, घर झालं माझं. महानगरपालिकेची करआकारणी नोंदवही कर कुणाकडून वसूल करायचा ते सांगते, मालकी सांगत नाही. महानगरपालिका कायद्याप्रमाणे मालक वारल्यावर वारसांनी वर्षाच्या आत कर खात्याला कळवायचं असतं. ती मुदतही तुमची गेली आहे, तरी अर्ज स्वीकारला जातो. आधी थकबाकी भरा, कारण थकबाकी असताना हस्तांतरणाचा अर्ज सहसा पुढे सरकत नाही. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, शेवटची कर पावती आणि नवीन नावं लागलेलं प्रॉपर्टी कार्ड जोडा. प्रॉपर्टी कार्ड आधी करा असं मी म्हणतो ते याचसाठी. ते हातात असलं की कर खात्यात वारसांबद्दल कुणी वेगळं विचारत बसत नाही. इतर वारसांची ना-हरकत घेऊन बिल तुमच्या एकट्याच्या नावाने काढायचा पर्याय देऊ करतील. बिलापुरती ती सोय असली तरी मी सर्वांची नावं लावायला सांगेन. ना-हरकतीच्या त्या कागदावर पुढे ‘घर मला दिलं होतं’ असा दावा उभा राहिलेला मी एकाहून अधिक घरांत पाहिला आहे.

वंशावळीवर आजोबांच्या खाली चुलत्यांचंही नाव येणार आहे आणि सामाईक गटामुळे फेरफाराची नोटीस त्यांनाही जाणार आहे. तेव्हा अर्ज देण्याआधी तो कागद त्यांना दाखवा. नोटीस हातात पडल्यावर त्यांना कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.